ग्राहकाला वाढीव कामाचं पत्र : जादा पैसे आणि पुढे गेलेली तारीख कशी समजावून सांगायची?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला आमची पाच जणांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. त्यातले दोघं एका तालुका दूध संघासाठी दूध संकलनाची प्रणाली करतायत. ४२ संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, दुधातलं फॅट आणि एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ यांप्रमाणे दर, दहा दिवसांचं बिल आणि उत्पादकाला एसएमएस, एवढं काम ठरलं होतं. रक्कम ६,००,००० रुपये अधिक जीएसटी, मुदत १६ आठवडे. २ जूनला सुरुवात केली, २२ सप्टेंबरला द्यायचंय.

२४ जुलैच्या बैठकीत संघाच्या व्यवस्थापकांनी तीन गोष्टी वाढवून मागितल्या. एक, नेट नसतानाही केंद्रावर नोंद झाली पाहिजे. दोन, दिवाळीला दरफरक काढता आला पाहिजे. तीन, बिलाचा निरोप एसएमएसबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवरही जायला हवा. मी "बघतो" म्हणून आलो, दोन दिवस बसून हिशेब केला आणि १ ऑगस्टला पत्र पाठवलं. मुख्य भाग असा होता :

"आपण सुचविलेले बदल मूळ करारात समाविष्ट नसल्याने त्यासाठी ५६ मनुष्यदिवस लागतील. प्रति दिवस ४,५०० रुपये दराने २,५२,००० रुपये (जीएसटी वेगळा) अतिरिक्त खर्च येईल व प्रकल्प ७ आठवडे लांबेल. कृपया मान्यता द्यावी."

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "एक बटण वाढवायला अडीच लाख? आणि आणखी सात आठवडे म्हणजे दिवाळी गेली की!" ते चिडले, याचं मला वाईट वाटलं. माणूस चांगला आहे आणि बिलं वेळेवर देतो. आकडे फुगवलेले नाहीत हे मी छातीठोकपणे सांगतो, पण ते त्यांना पटवायचं कसं? असं पत्र तुम्ही कसं लिहिता?

निशिगंधा_के

तुमच्या पत्रात चूक काही नाही, पण उत्तरही काही नाही. ५६ दिवस कशाला, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतो आणि पत्र तिथेच संपतं.

वैशाली प्र.

पैशाचं समजू शकते, पण उशीर कशाला? आणखी दोन मुलं घ्या. ५६ दिवसांचं काम दोघं करतायत, चौघांनी केलं तर १४ दिवसांत होईल. ग्राहकाला तारीख महत्त्वाची असते, त्यासाठी तो थोडे जास्त पैसेही देतो.

कंत्राटदार_अण्णा

आमच्या धंद्यात हे रोजचंच. स्लॅब पडल्यावर मालक म्हणतो, इथे एक बाथरूम वाढवा. याला आम्ही एक्स्ट्रा आयटम म्हणतो. सातारा रोडला एका बंगल्याचं काम केलं, त्यात मालकाने प्लास्टर झाल्यावर जिन्याची दिशा बदलायला लावली. वीट, वाळू, सिमेंट, मजुरी असा सगळा हिशेब दाखवला तरी म्हणाला, "जिना तर तेवढाच आहे." शेवटी त्याला साईटवर नेलं आणि तोडायची भिंत, त्यातली वायरिंग, वरच्या टाकीचा पाइप असं सगळं बोटाने दाखवलं. तेव्हा कुठे सही केली. तोडफोडीचा खर्च नवीन कामात धरायचा असतो हे लोकांना कळत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तोडफोड असते का हो?

चक्रधर

अण्णा, असते, आणि गोदाकाठांच्या पत्रात नेमकं तेच नाही.

अठरा वर्षं मी अशी पत्रं लिहितोय आणि वाचतोय. नव्या गोष्टीला किती दिवस लागतील, हे ग्राहकाला तुम्ही सांगता. त्या गोष्टीमुळे आधी तयार झालेलं काय उघडावं लागेल, हे सांगत नाही. त्याला पडद्यावर एक बटण दिसतं, म्हणून तो बटणाची किंमत विचारतो.

नेट नसताना नोंद, ही मागणी घ्या. गोदाकाठ, पावती क्रमांक सध्या सर्व्हर देतो असं मी धरतो. नेट नसेल तर तो केंद्रावरच्या टॅबला द्यावा लागेल. एका केंद्रावर दोन टॅब असले तर दोघांनी एकच क्रमांक दिला असं होऊ शकतं, म्हणजे क्रमांकाची रचनाच बदलली. पुढे दराचं बघा. संघाने १ तारखेपासून दर बदलला आणि त्या केंद्राला नेट ३ तारखेला आलं. दोन दिवस जुन्या दराच्या पावत्या छापून शेतकऱ्यांच्या हातात गेल्या. आता कोणता दर खरा? हे संघाने ठरवायचं, तुम्ही नाही. आणि सगळ्यात अवघड भाग बिलाचा. १० तारखेला बिल बंद झालं आणि एका केंद्राच्या ९ तारखेच्या संध्याकाळच्या नोंदी ११ तारखेला आल्या. त्या कुठे धरणार? बंद बिल उघडणार, की पुढच्या बिलात मागील बाकी म्हणून दाखवणार? तुम्ही लिहून तपासून ठेवलेला बिलाचा भाग यासाठी पुन्हा उघडावा लागतो.

पत्रात हे तीन प्रसंग त्यांच्याच भाषेत लिहा. सॉफ्टवेअरचा एकही शब्द नको. दूध संघाच्या माणसाला "बिल बंद झाल्यावर आलेली नोंद" म्हटलं की लगेच घाम फुटतो, तिथे समजावायची गरज उरत नाही.

वैशालीताई, माणसं वाढवून काही भाग लवकर होतो, तेवढं बरोबर आहे. पण नव्या माणसाला बिलाचा हिशेब समजेपर्यंत जुन्याचाच वेळ जातो. शिवाय इथे वेगळी अडचण आहे. नेटशिवायच्या नोंदी खऱ्या केंद्रावर चालवून बघायच्या तर दहा दिवसांचं एक पूर्ण बिल व्हावं लागेल. माणसं कितीही लावा, ते दहा दिवस दहाच राहतात.

गोदाकाठ

चक्रधर, पावती क्रमांक सर्व्हरच देतो, बरोबर ओळखलंत. आमचा हिशेबही असाच आहे, पण तो माझ्या वहीत राहिला. नेटशिवाय नोंदीचे ३२ दिवस असे : रचना बदलणं ४, टॅबवर नोंद साठवणं ७, नेट आल्यावर पाठवणं आणि दुबार नोंदी ओळखणं ८, बिल बंद झाल्यावर आलेल्या नोंदी ४, तपासणी ६, एका केंद्रावर प्रत्यक्ष चालवणं ३. दरफरकाला १२, व्हॉट्सअ‍ॅपला ६ आणि आधी झालेलं सगळं पुन्हा तपासायला ६. एकूण ५६.

५६ भागिले दोन म्हणजे साडेपाच आठवडे होतात, पण त्या दहा दिवसांच्या बिलामुळे मी सात धरले. हे पत्रात कुठेच नव्हतं.

वैशाली प्र.

दहा दिवसांचं बिल लक्षात आलं नव्हतं. तरी मला वाटतं व्हॉट्सअ‍ॅपचं काम बाहेरच्या माणसाला देता येईल, त्याला बिलाशी काही देणंघेणं नाही.

चक्रधर

ते खरंय, तो तुकडा सुटा आहे.

संकलन_सचिव

मी स्वतः गावच्या दूध संस्थेत सचिव आहे, कोल्हापूर भाग. पहिला प्रश्न. दरफरकाला १२ दिवस कशाला? आमच्याकडं दिवाळीचा दरफरक म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागं ठरलेली रक्कम. समजा एखाद्यानं ३,००० लिटर घातलं आणि संचालक मंडळानं लिटरला १ रुपया ठरवला, तर ३,००० रुपये. फॅट नाही, एसएनएफ नाही. तुम्ही काय धरलंय?

आणि दुसरं, राग मानू नका. दूध संघाचं सॉफ्टवेअर करताना दरफरक विचारला नाही म्हणजे आश्चर्य आहे. शेतकरी वर्षभर त्याची वाट बघतो. तो करारात लिहायचा राहिला असेल, पण त्याचे वेगळे पैसे मागणं मला पटत नाही.

गोदाकाठ

सचिवसाहेब, राग कशाचा. बैठकीत ते म्हणाले, "मागच्या तारखेपासून फरक काढता आला पाहिजे." मला वाटलं, जुन्या तारखेपासून दरपत्रकच बदलायचं आणि प्रत्येक नोंदीचा फॅट-एसएनएफप्रमाणे हिशेब पुन्हा करून आधी दिलेल्या रकमेशी फरक काढायचा. बारा दिवस त्याचे आहेत. तुम्ही म्हणताय तसं असेल तर तीन दिवसांत होईल. उद्याच विचारतो.

संकलन_सचिव

मागच्या तारखेपासून दर बदलणंही होतं कधीकधी, पण त्याला कोणी दिवाळीचा दरफरक म्हणत नाही. विचारून घ्या.

चक्रधर

वाढीव कामाचं पत्र लिहिण्याआधी मी नेहमी एक साधा कागद पाठवतो. "आपली मागणी आम्हाला अशी समजली", एवढंच, खाली त्यांच्या आकड्यांचं एक उदाहरण आणि किमतीचा उल्लेख नाही. ३,००० लिटरचं सचिवांचं उदाहरण तिथे लिहिलं असतं तर व्यवस्थापकांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. किंमत पुढे आली की माणूस मागणी वाचत नाही, आकडा वाचतो.

मुक्ता_अ‍ॅड

करारात उशिराबद्दल दंडाची अट आहे का? आणि बदलाबद्दल काही लिहिलंय?

गोदाकाठ

आहे. दर आठवड्याला रकमेच्या अर्धा टक्का कपात, म्हणजे ३,००० रुपये. बदलाबद्दल एकच वाक्य आहे : "अतिरिक्त काम परस्पर संमतीने लेखी ठरवले जाईल."

रानवारा

मग लेखी नसताना एक ओळही लिहू नका. लेखी नसेल तर कायद्याने छदामही मिळत नाही. आमच्या एका मित्राचे असेच बुडाले.

मुक्ता_अ‍ॅड

रानवारा, पहिलं वाक्य मान्य, दुसरं पूर्ण बरोबर नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे फुकट करायचा हेतू नसताना कोणी काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला मागता येतो. पण काम मागितलं होतं, ते फुकट नव्हतं आणि त्यांनी वापरलं, हे सगळं सिद्ध करत बसावं लागतं. अतिरिक्त काम लेखी ठरवायचं असं करारातच असेल तर समोरचा वकील आधी तिकडेच बोट दाखवेल. त्या वाटेला जायची वेळच येऊ देऊ नये.

गोदाकाठ, तुमच्या पत्रात मला खरी धोक्याची जागा तारखेची दिसते. "प्रकल्प ७ आठवडे लांबेल" असं तुम्ही लिहिलंत. उद्या वाद झाला तर हे वाक्य तुमच्याच उशिराची कबुली म्हणून वाचलं जाईल. त्याऐवजी लिहा की दोन्ही पक्षांच्या संमतीने करारातली २२ सप्टेंबर ही तारीख बदलून अमुक तारीख करण्यात येत आहे आणि दंडाची अट यापुढे नव्या तारखेपासून मोजली जाईल. कलम ६२ मूळ करारात संमतीने बदल करण्याचं आहे आणि कलम ६३ प्रमाणे ज्याला काम करून घ्यायचंय तो मुदत वाढवून देऊ शकतो. त्यांच्याकडून सही, किंवा किमान ईमेलवर स्पष्ट "मान्य" यायला हवं. तुम्ही पत्र पाठवलं आणि ते गप्प राहिले, याला संमती समजू नका.

अनघा_लेखा

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. एका मोठ्या सहकारी संस्थेत लेखा विभागात आहे आणि अशी पत्रं माझ्या टेबलावरून जातात.

तुमचे व्यवस्थापक चिडले, त्याचं कारण फक्त रक्कम नसेल. त्यांना ते पत्र संचालक मंडळापुढे ठेवावं लागणार. सहा लाखांचं काम मंडळाने ठराव करून मंजूर केलं, आता त्यावर अडीच लाख. सभेत पहिला प्रश्न येतो, "आधी का नाही सांगितलं?" दुसरा येतो, "हे नाही केलं तर काय बिघडतं?" तुम्ही त्या खोलीत नसता. उत्तरं व्यवस्थापकांना द्यावी लागतात, आणि त्यांच्या हातात तुमच्या चार ओळी असतात. म्हणून पत्र व्यवस्थापकांना लिहा, पण बैठकीला नसलेल्या संचालकाला वाचून समजेल असं लिहा. मूळ ठरावाचा किंवा कराराचा दिनांक, मागणी कधी आणि कोणी केली, त्यांच्याच शब्दांत. आणि निवडायला पर्याय द्या. एकच आकडा आला की मंडळ "पुढील सभेत" म्हणून विषय ठेवून देतं. दोन-तीन वाटा दिसल्या की चर्चा सुरू होते.

आणखी एक. संघाची सभा महिन्यातून एकदा असेल तर ती कधी आहे ते आधी विचारा. तुमचं पत्र सभेच्या दुसऱ्या दिवशी पोचलं तर महिना गेला.

चक्रधर

अनघाताईंचं शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. त्यालाच जोडून : निर्णय होईपर्यंत तुमची माणसं काय करणार, हेही पत्रात लिहा. मूळ काम चालूच राहील. पण बिलाचा भाग जुन्या पद्धतीने पुरा झाला आणि नंतर "नेटशिवाय हवं" असं ठरलं, तर तो पुन्हा उघडायला आणखी दिवस लागतील. किती, ते आजच मोजून लिहा. हे धमकीसारखं वाटेल म्हणून लोक लिहीत नाहीत. पण ते न सांगणं जास्त वाईट, कारण महिन्याने तुम्ही वाढलेला आकडा घेऊन जाल आणि तुम्हाला खोटं ठरवलं जाईल.

टोरांटोहून_मंदार

या सगळ्याचं मूळ ठरावीक रकमेच्या करारात आहे असं माझं मत. इथे आम्ही महिन्याच्या हिशेबाने काम करतो. नवीन काही हवं असेल तर ग्राहक यादीतलं दुसरं काहीतरी मागे ढकलतो. पत्राची वेळच येत नाही.

अनघा_लेखा

मंदार, सहकारी संस्थेत खर्चाचा आकडा आधी मंजूर व्हावा लागतो. "महिन्याला लागेल तेवढं" असा ठराव कोण करेल? पण एकाच्या बदल्यात दुसरं मागे ढकलायचं, हा विचार इथेही चालेल.

निशिगंधा_के

मला व्हॉट्सअ‍ॅपबद्दल बोलायचंय. ग्राहकाला वाटतं व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, मग पैसे कसले. आम्ही एका शाळेसाठी हे केलं तेव्हा हाच घोळ झाला. फोनवरून आपण पाठवतो ते वेगळं. संस्थेच्या नावाने प्रणालीतून आपोआप निरोप पाठवायचे तर संस्थेची पडताळणी होते, निरोपाचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, उत्पादकाची संमती लागते आणि निरोपामागे पैसे पडतात. ते पैसे दर महिन्याला संघाच्या खात्यातून जाणार. तुमच्या ६ दिवसांत हे धरलेलं नसणार, आणि पत्रात वेगळं लिहिलं नाही तर पहिल्या महिन्याचं बिल तुमच्या दारात येईल. पडताळणीला किती दिवस लागतील हेही आपल्या हातात नसतं, त्यामुळे तारखेचा शब्द देताना तेवढं बाजूला काढून ठेवा.

गोदाकाठ

निशिगंधा, धन्यवाद. निरोपामागचे पैसे खरंच धरले नव्हते. एसएमएससाठी मसुदे नोंदवायची धावपळ संघाच्या नावाने आधीच केलीय, तेव्हा ही कागदपत्रं त्यांना नवीन वाटणार नाहीत.

कंत्राटदार_अण्णा

आमच्याकडे एक पद्धत आहे. छोटं काम असेल तर फुकट करून देतो, मोठ्याचे पैसे घेतो. मालक खूश राहतो. तुम्ही दरफरक फुकट करून द्या, बाकीचं आपोआप मान्य होईल.

रानवारा

अण्णा, एकदा फुकट दिलं की पुढची प्रत्येक मागणी फुकट. अनुभवाने सांगतो.

चक्रधर

फुकट द्यायला हरकत नाही, न लिहिता देऊ नका. पत्रात तीही ओळ असू द्या : काम, लागणारे दिवस, रक्कम शून्य. म्हणजे ते काम होतं आणि त्याला दिवस लागले, याची नोंद राहते. पैसे सोडले तरी वेळ सोडता येत नाही, तारखेवर तिचा परिणाम होतोच.

गोदाकाठ

मंडळी, व्यवस्थापकांशी बोललो. संकलन_सचिव बरोबर होते. दरफरक म्हणजे वर्षाच्या एकूण लिटरवर ठरलेली रक्कम, एवढंच. बारा दिवसांचे तीन झाले. त्याचे पैसे मी सोडतोय. करारात नव्हता, पण विचारायला हवा होता, हे मला मनापासून पटलं.

नेटचंही विचारलं. ४२ पैकी पाच केंद्रांवर खरा त्रास आहे, बाकी ठिकाणी चालतं. ती पाच केंद्रं सध्या वहीत लिहितात आणि संध्याकाळी तालुक्याला फोन करून आकडे देतात. दिवाळीपर्यंत त्यांचं तसंच चालू शकतं असं ते स्वतःच म्हणाले. सभा १४ ऑगस्टला आहे. आज हा मसुदा केलाय, बघून सांगा :

"विषय : दूध संकलन प्रणालीतील वाढीव काम, खर्च व सुधारित तारखेबाबत.

महोदय, २० मे रोजीच्या करारानुसार संकलन नोंद, दरपत्रक, दहा दिवसांचे बिल व एसएमएस ही कामे २२ सप्टेंबरपर्यंत द्यावयाची आहेत व ती वेळेवर चालू आहेत. २४ जुलैच्या बैठकीत आपण पुढील तीन बाबी मागितल्या. आमचे १ ऑगस्टचे पत्र रद्द समजावे. त्यात दरफरकाची मागणी आम्ही चुकीची समजून घेतली होती.

१. दिवाळी दरफरक. उत्पादकाने वर्षभरात घातलेले एकूण लिटर गुणिले मंडळाने ठरविलेली रक्कम. उदाहरणार्थ ३,००० लिटर व १ रुपया असल्यास ३,००० रुपये. ३ दिवस, रक्कम शून्य. प्रणाली सुरू होण्यापूर्वीचे लिटर संघाने केंद्रनिहाय यादीने द्यावेत.

२. व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा निरोप. ६ दिवस व झालेल्या कामाची फेरतपासणी २ दिवस, एकूण ८ दिवस, ३६,००० रुपये. निरोपामागील शुल्क संघाने थेट भरावयाचे आहे. पडताळणीस लागणारा वेळ आमच्या हाती नसल्याने तो खालील तारखेत धरलेला नाही.

३. नेट नसताना नोंद. यात केवळ नोंदीचा पडदा बदलत नाही. बिल बंद झाल्यावर एखाद्या केंद्राची नोंद आली तर ती कोणत्या बिलात धरावी, दर बदलल्याचे केंद्राला न कळल्यास छापलेली पावती ग्राह्य धरावी का, आणि एका केंद्रावर दोन यंत्रे असल्यास पावती क्रमांक कसा द्यावा, हे ठरवून तयार बिलाचा भाग पुन्हा उघडावा लागेल. पहिले दोन निर्णय संघाचे आहेत. ३२ दिवस व फेरतपासणी ४ दिवस, एकूण ३६ दिवस, १,६२,००० रुपये. एका केंद्रावर दहा दिवसांचे एक पूर्ण बिल चालवून पाहणे आवश्यक असल्याने ६ आठवड्यांपेक्षा कमी वेळात हे सुरक्षितपणे देता येणार नाही.

पर्याय अ : बाब १ व २ आता, बाब ३ दिवाळीनंतर. करारातील तारीख २२ सप्टेंबरऐवजी २९ सप्टेंबर. पर्याय ब : तिन्ही बाबी आताच. तारीख १० नोव्हेंबर, म्हणजे दरफरक दिवाळीपूर्वी या प्रणालीतून निघणार नाही. पर्याय क : मूळ काम अधिक केवळ दरफरक, तारीख २४ सप्टेंबर. सर्व रकमांवर जीएसटी वेगळा. निवडलेल्या पर्यायातील तारीख करारातील तारखेच्या जागी येईल व विलंबाची अट त्या तारखेपासून मोजली जाईल.

निर्णय होईपर्यंत मूळ काम चालू राहील. २० ऑगस्टपासून बिलाचा भाग मूळ पद्धतीने पूर्ण करू. त्यानंतर पर्याय ब निवडल्यास ५ दिवस वाढतील."

अनघा_लेखा

हे मी जसंच्या तसं टिपणीला जोडलं असतं. एकच दुरुस्ती : पर्याय अ मध्ये बाब ३ चे पैसे आता मंजूर करायचे की दिवाळीनंतर, हे स्पष्ट नाही. सभेत नक्की विचारतील. आणि १,६२,००० हा दर किती दिवस लागू आहे तेही लिहा.

मुक्ता_अ‍ॅड

खाली "पर्याय ___ मान्य" आणि सही-शिक्क्याला जागा ठेवा. "दूध संघ" की "व्यवस्थापक", सही कोणाच्या अधिकारात, तेही बघून घ्या. ठरावाची प्रत मागून ठेवा.

चक्रधर

पर्याय ब मध्ये वैशालीताईंचा मुद्दा धरून बघा. व्हॉट्सअ‍ॅप बाहेर दिलं आणि दरफरक आधी सुटा देऊन टाकला, तर "दिवाळीपूर्वी निघणार नाही" हे वाक्य खरं राहतं का? मंडळातला एखादा हुशार माणूस हेच विचारेल.

गोदाकाठ

चक्रधर, खरं सांगायचं तर पूर्ण खरं राहत नाही. दरफरक आधी देता येईल, पण बिलाचा भाग उघडा असताना वर्षभराचे लिटर त्यातून काढायचे याची मला भीती वाटते. तसंच लिहितो : देता येईल, पण जोखीम आहे, आणि जोखीम कोणती तेही. अनघाताई, दर ३१ डिसेंबरपर्यंत लागू असं घालतो, आणि बाब ३ ची मंजुरी वेगळी, दिवाळीनंतर.

संकलन_सचिव

प्रणाली सुरू होण्यापूर्वीच्या लिटरची यादी आजच मागा. वर्षभराचं दूध वहीतून काढायला प्रत्येक केंद्राला आठ-दहा दिवस जातात, आणि ऑक्टोबरात कोणालाच सवड नसते.

गोदाकाठ

आज संध्याकाळी मागतो. पत्र उद्या सकाळी स्वतः नेऊन देणार आहे. सभेनंतर इथे कळवतो.

गोदाकाठ

सभा झाली. पर्याय अ मंजूर, तारीख २९ सप्टेंबर, ठरावाची प्रत मिळाली. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अडलंय. निरोपाचा खर्च संघाने भरायचा की उत्पादकाच्या बिलातून कापायचा यावर दोन संचालकांचं जमलं नाही, तेवढा भाग पुढच्या सभेवर गेला. म्हणजे ते ८ दिवस आता धरायचे की नाही, हे मला आज ठरवायचंय. लिटरच्या याद्या ४२ पैकी ११ केंद्रांच्या आल्यात.

चक्रधर

ठरावात २९ तारीख आहे, पण ती ८ दिवसांसकट. व्हॉट्सअ‍ॅप पुढच्या सभेला मंजूर झालं तर ती पुन्हा हलेल. आजच दोन ओळींचं पत्र द्या की २९ सप्टेंबर ही तारीख बाब २ ला २० ऑगस्टपर्यंत मंजुरी मिळेल असं धरून होती.

गोदाकाठ

लिहायलाच बसलोय.